मांजराच्या अंगातलं पाणी: कातडीची चिमटी की हिरडीवरचं बोट?

मांजरानं सकाळपासून चार वेळा उलटी केलीय, संध्याकाळी वाटीला तोंडही लावलं नाही आणि आता रात्रीचे नऊ वाजलेत. नेहमीचा दवाखाना बंद झालाय. आत्ताच गावातला रात्रीचा दवाखाना गाठायचा की सकाळची वाट बघायची, हे ठरवायचंय. अशा वेळी मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी दोन युक्त्या सांगितलेल्या असतात. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा, ती लगेच बसली तर अंगात पाणी आहे. नाहीतर हिरडीला बोट लावा, ओली लागली तर काळजी नाही.

दोन्ही युक्त्या खऱ्या आहेत आणि प्राण्यांचे डॉक्टरही त्या वापरतात. पण माझ्या घरच्या दोन मांजरांनी मला या दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या वेळी खोट्या पाडून दाखवल्या आहेत. म्हणून कोणती कुठे चालते, हे नीट सांगावंसं वाटतं.

करायच्या कशा

चिमटीसाठी मांजर उभं किंवा सरळ बसलेलं हवं. अंगाचं मुटकुळं करून झोपलेल्या मांजराची पाठीवरची कातडी आधीच ताणलेली असते, त्यामुळे अंदाज चुकतो. दोन्ही खांद्यांच्या मधली कातडी अलगद वर उचलायची, पिळायची नाही आणि सोडून द्यायची. मांजर ठीक असेल तर कातडी सोडताक्षणी सपाट होते. ती सावकाश उतरली तर शंका घ्यायची. तंबूसारखी तशीच उभी राहिली तर परिस्थिती गंभीर असू शकते. लांब केसांच्या मांजरात केस बाजूला करून कातडीकडेच बघावं लागतं, कारण केस आपल्या चालीनं खाली बसतात आणि डोळ्याला फसवतात. एकाच जागी पाच-सहा वेळा चिमटा काढून काही नवं कळत नाही, उलट मांजर वैतागतं आणि पुढची तपासणी करू देत नाही.

हिरडीसाठी हात धुऊन कोरडे करायचे, कारण ओल्या बोटाला सगळंच ओलं लागतं. मांजर शांत असताना बाजूनं वरचा ओठ जरा उचलायचा आणि सुळ्याच्या वरच्या हिरडीवर बोट टेकवून फिरवायचं. निरोगी हिरडी बुळबुळीत लागते, बोट सहज सरकतं. पाणी कमी झालं की ती चिकट होते आणि बोट उचलताना किंचित ओढ जाणवते. त्याही पुढे गेलं की ती कागदासारखी कोरडी लागते. मांजर नुकतंच पाणी प्यायलं असेल तर थोडा वेळ थांबा.

दोन्ही करायच्या असतील तर आधी हिरडी बघावी. घाबरून तोंड उघडं टाकून धापा टाकणाऱ्या मांजराचं तोंड श्वासानंच सुकतं.

गोट्या: चिमटी खोटी ठरली तेव्हा

गोट्या आमचा सहा वर्षांचा बोका. ऑपरेशन झालेलं, वजन 6.2 किलो, म्हणजे सरळ सांगायचं तर जाड. मे महिन्यात एका दिवशी तो सकाळपासून ओकत होता. संध्याकाळी मी चिमटी काढली तर कातडी रबरासारखी झटकन जागेवर गेली. माझा जीव भांड्यात पडला. मग सवयीनं हिरडीला बोट लावलं, तर ते चिकटलं.

जाड मांजराच्या कातडीखाली चरबीचा थर असतो आणि तोच कातडीला खाली ओढून घेतो. पाणी गेलं तरी चरबी जागेवरच असते, म्हणून चिमटी सगळं ठीक असल्याचं सांगत राहते. गोट्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

मग मी त्याचं वजन केलं. आमच्याकडे लहान बाळांचा वजनकाटा आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोघांची वजनं वहीत लिहितो. 1 मेला 6.2 किलो होतं, त्या रात्री 5.88 भरलं. म्हणजे 320 ग्रॅम कमी. एवढ्या थोड्या दिवसांत चरबी एवढी उतरत नाही. यातलं थोडं रिकाम्या पोटाचं आणि आतड्याचं असणार, पण बरंचसं पाणीच. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणून ग्रॅम म्हणजे जवळजवळ मिलिलिटर असा हिशेब धरता येतो. 6.2 किलोचे पाच टक्के म्हणजे 310 ग्रॅम, आणि गोट्या त्याच रेषेवर उभा होता.

पाच टक्क्यांचा हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. वजनाच्या साधारण पाच टक्क्यांपेक्षा कमी पाणी गेलेलं असेल तर ते हातानं किंवा बोटानं कळतच नाही, डॉक्टरांनासुद्धा नाही. पाच-सहा टक्क्यांना हिरडी चिकट व्हायला लागते आणि कातडी जराशी रेंगाळते. सात-आठ टक्क्यांना दोन्ही स्पष्ट दिसतं. दहा टक्क्यांच्या पुढे डोळे आत जातात, कातडी उभी राहते आणि जिवाचा धोका सुरू होतो. चार किलोच्या मांजरात पाच टक्के म्हणजे 200 मिलिलिटर, एक छोटा पेलाभर. तेवढं जाईपर्यंत दोन्ही तपासण्या गप्प असतात.

रात्रीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हिरडी, वजन आणि रक्त बघून पाच-सहा टक्क्यांचाच अंदाज बांधला. सोनोग्राफीत काही अडकलेलं दिसलं नाही. उलटी थांबायचं इंजेक्शन आणि रात्रभर सलाईन दिलं. तिसऱ्या दिवशी, खाऊ लागल्यावर, गोट्याचं वजन पुन्हा 6.1 भरलं.

सखू: हिरडी खोटी ठरली तेव्हा

एवढ्यावर मी थांबले असते तर म्हटलं असतं, चिमटी सोडा आणि हिरडी बघा. पण घरात सखूही आहे.

सखू तेरा वर्षांची, 3.4 किलोची, किडनीचा जुना आजार असलेली. वाढत्या वयात कातडीचा ताण सैल होतो आणि ती वाळलेली असल्यानं खाली चरबीही नाही. त्यामुळे ती ठणठणीत असतानाही तिची चिमटी दोन सेकंद उभी राहते. पहिल्यांदा हे पाहून मी धावत दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं, पाण्याची काही कमतरता नव्हती. म्हणजे म्हाताऱ्या आणि वाळलेल्या मांजरात चिमटी उगाच घाबरवते, तर जाड मांजरात उगाच निर्धास्त करते. अगदी लहान पिल्लांची कातडीही या तपासणीसाठी भरवशाची नसते.

मागच्या हिवाळ्यात सखू सुस्त झाली. हिरडी ओली, चक्क ओलीगच्च. पण ती सारखी ओठ चाटत होती आणि हनुवटीखालचे केस भिजले होते. किडनीच्या आजारात मळमळ होते, आणि मळमळणाऱ्या मांजराच्या तोंडाला लाळ सुटते. तोंडात व्रण किंवा हिरड्यांची सूज असली तरी लाळ गळते. अशा वेळी हिरडी ओली असण्याचा अंगातल्या पाण्याशी संबंध उरत नाही. उलट बाजूही आहे: सर्दीनं नाक चोंदलेलं मांजर तोंडानं श्वास घेतं आणि पाणी पुरेसं असूनही हिरडी सुकी लागते.

त्या दिवशी मला सावध केलं ते चिमटीनंच. नेहमीचे दोन सेकंद जाऊन चार-पाच सेकंद झाले तरी कातडी उतरली नव्हती. तिची 'नेहमीची' चिमटी मला माहीत होती म्हणून हे कळलं. दवाखान्यात तिच्या अंगात पाणी कमी निघालं आणि रक्तातले किडनीचे आकडेही चढलेले होते.

सखूमुळे आणखी एक गोष्ट शिकले. ती पाणी भरपूर पिते आणि रेतीत गोळेही मोठेच पडतात. किडनी पाणी धरून ठेवत नसल्यानं लघवी जास्त होते, पण अंग कोरडंच पडत जातं. किडनीच्या मांजराची भरपूर लघवी पाहून निर्धास्त होऊ नये.

मग कोणती धरायची?

मध्यम बांध्याच्या, तरुण मांजरात दोन्ही साधारण सारखंच सांगतात. जाड मांजरात मी हिरडीला जास्त मानते. म्हाताऱ्या किंवा वाळलेल्या मांजरातही सुरुवात हिरडीनंच करते, पण लाळ गळत असेल, तोंड दुखत असेल किंवा नाक बंद असेल तर हिरडीचं म्हणणं सोडून देते. चिमटीला किंमत द्यायची ती त्याच मांजराच्या निरोगी दिवसाशी तुलना करूनच. म्हणून आजच, मांजर मजेत असताना, दोन्ही करून पाहा आणि वजनासोबत लिहून ठेवा. काटा नसेल तर मांजराला घेऊन घरच्या काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. मात्र त्या काट्यात शंभर ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि लहान मांजरात तेवढ्यानं हिशेब बिघडतो.

हिरडीचा एक फायदा चिमटीला नाही: तिथे रंगही दिसतो. बोटानं दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. ही तपासणी पाण्यापेक्षा रक्ताभिसरणाबद्दल जास्त सांगते. मार लागून आतल्या आत रक्तस्राव झाला तर कातडीतलं पाणी लगेच कमी होत नाही. चिमटी उत्तम येते आणि हिरड्या मात्र पांढऱ्याफटक असतात. काळ्या मांजराची हिरडी काळपट असेल तर रंग कळत नाही, ओलेपणा तेवढा कळतो.

दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या तरी दवाखाना टाळायचा परवाना मिळत नाही. लघवी अडलेला बोका वाळूत बसून कुंथतो, थेंबही येत नाही, आणि त्याची कातडी, हिरडी दोन्ही झकास असू शकतात. तरी त्याच्याकडे काही तासच असतात. तोंड उघडून श्वास घेणारं मांजर आणि थंड पडलेलं, उठत नसलेलं मांजर यांना आधी तपासत बसू नये, उचलून न्यावं. आणि जाड मांजर दिवसभरापेक्षा जास्त उपाशी राहिलं तर पाण्याआधी त्याच्या यकृताची काळजी सुरू होते.

हिरडी चिकट लागली म्हणून सिरिंजनं तोंडात पाणी कोंबायचा मोह होतो. मलूल मांजराचं ते पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि ओकणाऱ्या मांजरात ते टिकतही नाही. पाण्याची वाटी जवळ ठेवावी, बाकी सलाईनचं काम डॉक्टरांचं.

फोनवर मी आता डॉक्टरांना एवढंच सांगते: आजचं वजन इतकं, पहिल्या तारखेला इतकं होतं, हिरडी चिकट, लाळ नाही, चिमटी नेहमी दोन सेकंद आणि आज चार, शेवटची लघवी अमुक वाजता. आणायचं की नाही, हे ते पलीकडून लगेच सांगू शकतात.