८,९४० रुपये, ९० च्या जागी २३ गोळ्या आणि बाटलीवरचा स्टिकर

टक्कल घालवायच्या औषधांपायी गेले ते ८,९४० रुपये. टाळूला लावायच्या मिनॉक्सिडिलच्या तीन बाटल्या प्रत्येकी १,४९०, ‘फिनास्टेराइड १ मिग्रॅ, ९० गोळ्या’ ३३ रुपये दराने २,९७० आणि वर ‘डॉक्टर कन्सल्टेशन’चे १,५००. डॉक्टर म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर टकलाचे फोटो मागवणारा एक आवाज. नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणे, “सर, आमची टीम बघते.” असे धंदे कसे चालतात हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. पण इथे बिल होतं, कुरिअर वेळेवर आलं, खोक्यात खरीखुरी औषधं होती. रिकामा डबा आला असता तर कुणीही ओरडला असता.

आधी बाटली. समोर चकचकीत स्टिकर: मिनॉक्सिडिल १०%. बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत: प्रत्येक मिलीमध्ये मिनॉक्सिडिल २० मिग्रॅ. आता टक्का म्हणजे १०० मिलीमागे तितके ग्रॅम. १०% असेल तर एका मिलीत १०० मिग्रॅ पाहिजेत, ५% असेल तर ५०. २० म्हणजे सरळ सरळ २%. आणि मी ती ओळ वाचली होती! डोळ्यांसमोर धरून वाचली, आणि वाटलं की ड्रॉपरच्या एका वेळच्या थेंबांचा काहीतरी हिशेब असेल. तेव्हाच बाटली उलटी करून स्टिकरची कड नखाने उचलली असती तर खाली छापलेला ‘२%’ दिसला असता. पण ‘एक्स्ट्रा स्ट्राँग’ लिहिलेल्या बाटलीवर कोण नख मारतो?

फरक पडत नाही म्हणून फोन केला, तर उत्तर तयार: “पहिले काही आठवडे केस जास्त गळतात सर, औषध लागू पडतंय.” सुरुवातीला असं गळणं होतं, ते खरंच आहे. त्या खऱ्या गोष्टीच्या आडून विक्रेत्याने परतीची मुदत उलटवली.

गोळ्यांचा प्रकार त्याहून घाणेरडा. ९० चे पैसे घेऊन आल्या २३. पट्ट्या कापलेल्या, किमतीवर काळा मार्कर. सोबत चिठ्ठी: ‘एका गोळीचे चार भाग करून रोज एक घ्यावा’. एका तुकड्यावर नाव शिल्लक होतं: फिनास्टेराइड ५ मिग्रॅ. ही प्रोस्टेट वाढल्यावर देतात ती गोळी. केसांसाठीची १ मिग्रॅची असते. पाचाचे चार भाग केले की सव्वा मिग्रॅ, तेही सुरी सरळ चालली तर. एवढीशी गोळी चार सारख्या तुकड्यांत कुणाच्याने कापली जाते?

आणि ती कापत होती माझी बायको. तिसरा महिना चालू होता तिचा. गर्भवती स्त्रीने चुरलेली किंवा मोडलेली फिनास्टेराइडची गोळी हाताळू नये, हे पाकिटातल्या माहितीपत्रकात असतं. पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. अख्ख्या गोळीवर लेप असतो, म्हणून ती नुसती उचलल्याने औषध हाताला लागत नाही. चिठ्ठीने नेमका तो लेप फोडायला सांगितला, आणि माहितीपत्रक काढून घेतलं. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी घाबरू नका म्हटलं, सोनोग्राफीत नीट पाहू म्हणाल्या. त्या रात्री घरात काय झालं ते इथे लिहीत नाही.

तक्रारीला गेलो तर पोलिस ठाण्यात साहेब हसले. “केसांसाठी?” मग म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, माल मिळालाय, यात सायबर काय? औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यालयात विचारलं, दुकान कुठल्या जिल्ह्यात? अहो, ते माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो! बिलावरचा पत्ता खोटा निघाला, तर म्हणे आधी खरा पत्ता आणा. बाटली तपासायला घ्या म्हटलं, तर फोडलेली बाटली नमुना म्हणून चालत नाही. मग न फोडलेल्या दोन दिल्या, तर म्हणे ही खरेदी आम्ही केलेली नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता एका कारकुनाने दाखवला, तोही चहाला उठता उठता.

टक्का आणि मिग्रॅ जुळवून बघा, दोन्ही छापलेलं असतं. कापलेली पट्टी घेऊच नका, बॅच क्रमांक आणि मुदत त्या कापलेल्या भागावर जाते. फिनास्टेराइडच्या पट्टीवर लाल उभी रेघ असते, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. चिठ्ठी न मागणारा उपकार करत नसतो. ६० मिलीची बाटली, दिवसातून दोनदा १ मिली लावली की महिन्यात संपते. तीन बाटल्यांत ‘सहा महिन्यांचा कोर्स’ सांगणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. फिनास्टेराइड घेत असाल तर प्रोस्टेटसाठीची पीएसए रक्तचाचणी करताना डॉक्टरांना सांगा, आकडा निम्म्यावर आलेला दिसतो. आणि गोळी घरात कुणालाही कापायला देऊ नका.

त्या विक्रेत्याचं खातं नव्या नावाने परत चालू झालंय. फोटो तेच, बाटलीवर आता ‘१२%’.