लेथवर आटे पाडताना कट सरळ द्यायचा का कंपाउंड वळवून? एम20 चा हिशोब

साध्या मॅन्युअल लेथवर बाहेरचे आटे पाडायला टूल आत घालायच्या दोन पद्धती सगळ्यांना माहीत असतात. एक म्हणजे क्रॉस स्लाइडने सरळ आत, दुसरी म्हणजे कंपाउंड 29.5 अंशावर वळवून तिरकं आत. मी बरीच वर्षं सरळच द्यायचो आणि आता दीडच्या वरच्या पिचला कंपाउंडवर आलोय, तर ज्याचं अजून ठरत नाहीये त्याच्यासाठी लिहितो. तुमच्या मशीनवर थोडं वेगळं निघू शकतं, पण हिशोब तोच राहतो.

उदाहरण एम20, पिच 2.5, राइट हँड, मटेरियल इएन8, टूल एचएसएस. मेट्रिक बाहेरच्या आट्याची खोली पिचच्या 0.6134 पट, म्हणजे 1.534 मिमी, आणि ही एका बाजूची आहे, डायमीटरवर दुप्पट. इथे एक गोष्ट कायम सुटते. हा आकडा टूलच्या टोकाला साधारण 0.36 ची गोलाई धरून आहे. टोक त्यापेक्षा अणकुचीदार असेल तर 1.53 वर रिंग गेज चढणार नाही, अजून आत जावं लागेल, आणि अगदी सुईसारखं टोक असलं तर 1.89 पर्यंत. त्यामुळे हिशोबाचा आकडा हा जवळ पोचायला, शेवट गेजनेच ठरवायचा.

सरळ पद्धतीत 1.534 म्हणजे 1.534 च. कंपाउंडवर वाट तिरकी असल्याने जास्त फिरवावं लागतं:

```
h = 0.6134 × P
कंपाउंड = h / cos(29.5°) = h × 1.149
1.534 × 1.149 = 1.76 मिमी
```

29 ठेवायचा, 29.5 का 30 यावर लोक खूप बोलतात. खोलीच्या हिशोबात मात्र 29 ला 1.754 येतं आणि 30 ला 1.771, एवढाच फरक. अर्ध्या-एक अंशाचं कारण वेगळं आहे, बरोबर 30 ला टूलची टेलस्टॉककडची धार नुसती घासत राहते, थोडा कमी अँगल ठेवला की ती अगदी किंचित तासते. हे किंचित म्हणजे खरंच किंचित, 29.5 ला कंपाउंड 0.1 फिरवलं तर त्या बाजूने एक मायक्रॉनसुद्धा निघत नाही, म्हणून मी शेवटचे दोन कट तरीही सरळच देतो, ते खाली येईल.

आता 1.534 चे तुकडे कसे पाडायचे. समान पाडले, म्हणजे दहा कट आणि प्रत्येकी 0.153, तर ऐकायला बरं वाटतं पण आटा व्ही आकाराचा आहे, खाली जाल तशी धार जास्त लांबीवर कापते. दहाव्या कटला पहिल्याच्या 19 पट मटेरियल निघतं, आणि नेमका तिथेच जॉब थरथरतो नाहीतर टोक उडतं. म्हणून खोली वर्गमुळाने वाढवायची. मी जो फॉर्म्युला वापरतो त्यात एकूण खोलीला (कट वजा एक) च्या वर्गमुळाने भागायचं, दहा कटला 3 ने, आलं 0.511. त्याला पहिल्या कटला 0.3 च्या वर्गमुळाने गुणायचं, दुसऱ्याला 1, तिसऱ्याला 2 चं वर्गमूळ, चौथ्याला 3 चं, असं पुढे. पहिल्याला 0.3 घेतात ते टूल अलगद टेकवायला, कारण शुद्ध वर्गमुळाने पहिलाच कट जवळपास अर्ध्या मिमीचा येतो आणि तो लहान लेथला जड जातो.

त्याप्रमाणे सरळ खोली 0.28, 0.51, 0.72, 0.89, 1.02, 1.14, 1.25, 1.35, 1.45, 1.53 येते. कंपाउंडसाठी सगळ्यांना 1.149 ने गुणून माझ्या 0.02 च्या डायलला बसवलं की 0.32, 0.58, 0.84, 1.02, 1.18, 1.32, 1.44, 1.56, 1.66, 1.76. ही ओळ एका चिठ्ठीवर लिहून हेडस्टॉकला चिकटवायची.

इथपर्यंत दोन्ही सारख्याच वाटतील. सरळ पद्धतीत सेटिंग कमी, कंपाउंड हलवायचं नाही, त्याची गिब ढिली असली तरी फरक नाही, हे तिचं खरं बळ आहे. तिच्यात चिप दोन्ही बाजूंनी येऊन मधे अडकते आणि मोठ्या पिचला आटा फाटल्यासारखा दिसतो, हेही खरंय, पण माझ्यासाठी निर्णय त्याच्यामुळे झाला नाही.

झाला तो आकडा लक्षात ठेवण्यामुळे. सरळ पद्धतीत शोल्डरला आल्यावर क्रॉस स्लाइड झटकन मागे घ्यायचं, कॅरेज परत आणायचं, आणि क्रॉस स्लाइड आधीच्या आकड्यावर अधिक नवीन कट एवढं पुढे न्यायचं. म्हणजे दर कटला मागचा आकडा डोक्यात पाहिजे, त्यात माझ्या लेथचा क्रॉस स्लाइडचा डायल डायमीटर दाखवतो, म्हणजे 0.89 चं 1.78 करून, आणि मधे डायलचा फेरा पूर्ण झाला तर तोही धरून. एकदा सातव्या कटनंतर कोणीतरी दुसऱ्या जॉबचं विचारायला आलं, मी उत्तर दिलं, परत वळलो आणि आकडा एका मोठ्या रेघेने चुकला. दोन-तीन कटाचं काम एकदम घेतलं गेलं, टूल रुतलं, स्टड वाकला, सकाळपासून टर्न केलेला पीस गेला. फार वाईट वाटलं तेव्हा, कारण कापण्यात चूक नव्हती, फक्त आकडा हरवला होता.

कंपाउंडवर क्रॉस स्लाइड फक्त मागे-पुढे करायला, तो दर वेळी शून्यावरच येतो. किती आत गेलोय ते कंपाउंडचा डायल सांगतो आणि मधे कोणी त्याला हातच लावत नाही. चहाला जाऊन आलात तरी डायलवर 1.18 असेल तर चिठ्ठीत पुढचा 1.32. फक्त दोन्ही डायल टूल जॉबला टेकवून शून्य करायचे आणि बॅकलॅश नेहमी आत जातानाच काढायचा.

शेवट असा करतो की कंपाउंड 1.76 पर्यंत न नेता 1.72 ला थांबवतो. तिथे खोली 1.497 झालेली असते, उरतात 0.037, ते क्रॉस स्लाइडने सरळ दोन कटात घेतो म्हणजे दोन्ही बाजू साफ निघतात. डायमीटरच्या डायलवर हे 0.07 होतं, 0.037 नाही.

कंपाउंडची एक मोठी भानगड सांगायलाच हवी. काही लेथवर कंपाउंड क्रॉस स्लाइडच्या दिशेला असताना स्केल शून्य असतं, काहींवर बेडच्या दिशेला असताना. दुसऱ्या प्रकारावर 29.5 लावलं तर खरा अँगल 60.5 होतो. मग 1.76 फिरवूनही खोली 0.87 च मिळते, टूल चककडे सरकत राहतं आणि आट्याच्या एका बाजूला पायऱ्या दिसतात. अशा लेथवर स्केल 60.5 ला लावायचं. ओळखायला सोपं आहे: टूलपोस्टवर डायल गेज क्रॉस स्लाइडच्या दिशेने लावा आणि कंपाउंड 1 मिमी फिरवा. गेजने 0.87 दाखवलं तर बरोबर, 0.49 दाखवलं तर उलटं लागलंय. राइट हँड बाहेरच्या आट्याला कंपाउंडचं हँडल टेलस्टॉककडे झुकलेलं पाहिजे.

पिच 1.5 किंवा खाली असेल तर मी स्वतः अजून सरळच देतो, खोली एक मिमीच्या आत असते, पाच-सहा कटात होतं आणि आकडे डोक्यात राहतात. अडीच-तीनच्या पिचला, त्यात स्टेनलेस असेल तर, कंपाउंड वळवायला लागणारी दहा मिनिटं मला जास्त वाटत नाहीत.