जुनी गाडी घेतलीत, सर्व्हिसचं पुस्तक नाही: आधी कोणतं ऑइल बदलायचं?

माझ्या भाच्याने एप्रिलमध्ये एक जुनी हॅचबॅक घेतली. बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, मीटरवर अडुसष्ट हजार किलोमीटर, आणि सर्व्हिसचा एकही कागद नाही. सोलापुरात होटगी रोडवरच्या आमच्या घरासमोर गाडी लावून त्याने सांगितलं, "मामा, इंजिन ऑइल तर नवंच दिसतंय. डिपस्टिकवर बघा, मधासारखं आहे. म्हणजे तेवढे पैसे वाचले."

खरं तर इथेच बहुतेकांची गल्लत होते. गाडी विकायला काढली की विकणारा इंजिन ऑइल हमखास बदलतो, कारण गिऱ्हाईक डिपस्टिक ओढून बघतं. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सहसा कुणी उघडत नाही, कूलंटकडे लक्ष जातं ते गाडी तापल्यावरच. त्यामुळे जे स्वच्छ दिसतं ते बदललेलं असू शकतं, पण ते कोणत्या ग्रेडचं आहे आणि सोबत फिल्टरही बदलला का, हे रंगावरून कळत नाही. आणि जे कुणी बघत नाही, ते वर्षानुवर्षं तसंच असतं.

म्हणून तुलना करताना दोनच प्रश्न विचारावेत: हे जुनं राहिलं तर काय बिघडतं, आणि बिघडण्याआधी ते आपल्याला कळतं का?

इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायचेच, त्यावर वाद नको. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं तीन-साडेतीन लिटर ऑइल लागतं, काम अर्ध्या तासाचं. पण खाली सोडण्याआधी जुनं ऑइल नीट बघा. ऑइल ताकासारखं पांढुरकं असेल, किंवा कूलंटवर तेलकट तवंग असेल, तर बदलून उपयोग नाही. इंजिनात ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट तपासा. जुनं ऑइल म्हणजे पुरावा आहे, तो गटारात सोडून मग मिस्त्रीला विचारू नका. फिलर कॅपखाली काळा चिकट थर दिसला, तर पहिलं ऑइल दीड-दोन हजार किलोमीटरवरच पुन्हा बदला, कारण नवं ऑइल तो थर हळूहळू सोडवतं आणि स्वतः लवकर घाण होतं.

आता ब्रेक ऑइल. हे हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी शिरलं की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ ग्रेडचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक सांगतं; ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. गावात फिरताना फरक जाणवणार नाही. पण तुळजापूरहून सोलापूरकडे घाट उतरताना गाडी सतत ब्रेकवर ठेवली, तर चाकाजवळच्या, ब्रेक आवळणाऱ्या कॅलिपरमधलं ऑइल उकळून वाफ होऊ शकते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल अचानक मऊ होऊन खाली जातं. आधी काहीच लक्षण नसतं. म्हणूनच मी याला इंजिन ऑइलच्या वर ठेवतो: इंजिन खराब झालं तर खिसा रिकामा होतो, इथे समोरच्या वळणावर थांबता येत नाही.

भाच्याच्या गाडीतलं ऑइल कडक चहासारखं होतं. डबीवर डॉट ३ लिहिलं होतं. डॉट ४ तिथे चालतं, पण सिलिकॉनचं डॉट ५ कधीच नाही. एक सीलबंद लिटर पुरतं. डबीतलं नुसतं उपसून नवं भरणं म्हणजे बदलणं नव्हे. चारही चाकांजवळच्या, ऑइल सोडण्याच्या निपलमधून पेडल दाबत जुनं बाहेर काढावं लागतं. मिस्त्रीला एकच विनंती करा: पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या गाडीत पेडल पूर्ण तळाला दाबलं की मास्टर सिलिंडरचं रबर रोज न वापरल्या गेलेल्या, गंजलेल्या भागावरून घासतं आणि धडधाकट ब्रेक दुसऱ्या दिवशी गळायला लागतो. निपल गंजून बसला असेल तर जोर लावू नका, आधी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा.

सोलापुरात ब्रेक ऑइलच्या बरोबरीने कूलंट महत्त्वाचं आहे. नळाला रोज पाणी येत नाही, बोअरचं पाणी क्षाराचं, आणि रेडिएटरमध्ये तेच ओतलं जातं. बादलीला जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसतो, शिवाय ॲल्युमिनियमचे भाग गंजतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, एसी चालू असतो, आणि त्याच वेळी या थराची परीक्षा होते.

गाडी पूर्ण थंड असताना आम्ही रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत वीटकरी पाणी. पुस्तिकेप्रमाणे एकूण साडेचार लिटर मावतं, पण खालचा प्लग उघडल्यावर तीनच लिटर बाहेर आलं. उरलेलं दीड लिटर इंजिन ब्लॉक आणि हीटरमध्ये अडकून राहतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरायचं, पंखा चालू होईपर्यंत इंजिन चालवायचं, पूर्ण थंड झाल्यावर सोडायचं. हे आम्ही तीनदा केलं, तेव्हा पाणी स्वच्छ आलं.

इथे दुकानात चूक होते. आत दीड लिटर पाणी राहिलेलं असताना तीन लिटर तयार, म्हणजे अर्धं पाणी मिसळलेलं कूलंट ओतलं, तर मिश्रण निम्म्याऐवजी तेहतीस टक्केच उरतं. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण गंज थांबवणारी रसायनंही त्याच प्रमाणात कमी होतात. म्हणून आम्ही सव्वादोन लिटर बिनपाण्याचं कॉन्सन्ट्रेट आणि पाऊण लिटर डिस्टिल्ड वॉटर भरलं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा बाहेर पडू दिली आणि पुढचे चार दिवस सकाळी पातळी बघितली. कूलंटचा रंग बघून जुन्यात नवं मिसळू नका. हिरवा-लाल असा सर्व कंपन्यांचा एक नियम नाही. आणि हे आधीच मनात धरा की थर निघाल्यावर जुना रेडिएटर गळू शकतो. ती गळती आधीचीच, थराने झाकलेली असते. ॲसिडसारखं जोरदार क्लीनर घालून मात्र तिला आमंत्रण देऊ नका.

मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल या सगळ्यानंतर आलं तरी चालतं. खाली गळती नसेल, गिअर अडत नसतील, तर महिनाभर थांबा. पण पातळी पहिल्याच आठवड्यात बघा, कारण कमी ऑइलवर बेअरिंग आवाज करेपर्यंत काही कळत नाही. गाडी सपाट जागेवर ठेवून भरण्याचा प्लग उघडा. बोट लावल्यावर ऑइल भोकाच्या काठाशी लागलं पाहिजे. बदलायचं असेल तेव्हाही आधी हाच प्लग उघडा, नंतर खालचा. नाहीतर सगळं ऑइल सोडून झाल्यावर वरचा प्लग सुटत नाही आणि गाडी जागेवरच अडकते. खालच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असणं साधं; नखाएवढे चकाकणारे तुकडे असले, तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. ऑटोमॅटिक असेल तर कंपनीने सांगितलेलंच ऑइल घ्या आणि मशीनने जोरात फ्लश करण्यापेक्षा सोडून-भरून बदलणं निवडा.

पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलचा प्रश्न बहुतेक नव्या छोट्या गाड्यांत येत नाही, कारण ते विजेवर चालतं.

भाच्याने एका रविवारी ब्रेक ऑइल आणि इंजिन ऑइल केलं, पुढच्या रविवारी कूलंट. तोवर गाडी सात रस्ता चौकाच्या पुढे न्यायची नाही, असं मी त्याला बजावलं होतं. गिअर ऑइलची पातळी काठाशी होती, म्हणून ते जूनवर ढकललं.