जिराच्या तिकिटावर प्रश्न विचारायचाय: मेन्शन करू की असायनी बदलू?

महापेच्या आमच्या ऑफिसात जिरावर हा घोळ रोजचा. बिल छापताना जीएसटी चुकतो, तिकीट माझ्याकडे. मला टेस्टरकडून एवढंच हवंय की कोणत्या ग्राहकाचं बिल होतं.

असायनी बदलला तर तिकीट माझ्या यादीतून जातं आणि तिच्या यादीत कामासारखं दिसतं. ती उत्तर देते, पण परत माझ्या नावावर करायला विसरते. मग दुरुस्ती कोण करतंय, हे बोर्डावर कळतच नाही.

त्यापेक्षा कमेंटमध्ये `@` टाकून तिचं नाव निवडा आणि प्रश्न एका वाक्यात लिहा. सूचना तिला जाते, काम माझ्याकडेच राहतं. नाव यादीतून निवडायलाच हवं. नुसतं टाइप केलं तर तो साधा मजकूर राहतो. असायनी बदला, पण काम खरंच दुसऱ्याकडे गेल्यावरच, उदाहरणार्थ दुरुस्ती संपून तपासणी सुरू झाली की.

टेस्टरला तिकिटाचा वॉचर करणं मात्र प्रश्नासाठी नाहीच. वॉचरला सहसा प्रत्येक बदलाची मेल जाते, त्या गर्दीत तुमचा प्रश्न हरवतो. आणि एक: सेटिंग चालू असेल तर कमेंट करणारा आपोआप वॉचर होतो. उत्तर देऊन मोकळ्या झालेल्या टेस्टरने `Stop watching` दाबावं.