रीडमीतली ‘आठवी पिन’: माती-ओल बोर्डाचा दोन हंगामांचा अनुभव

आमच्या जळगावच्या कॉलेजातल्या एका सीनियरने केळीच्या बागेसाठी माती-ओल मोजणारा बोर्ड बनवला आणि सगळं खुलं करून ठेवलं: कोड, सर्किटचं चित्र, सामानाची यादी, आणि बोर्ड पुन्हा बनवता यावा म्हणून लांबलचक रीडमी. ESP32, कपॅसिटिव्ह सेन्सर, झिरो पीसीबी, बस. बोर्ड काय करतो हे बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. हा अनुभव बोर्डाचा कमी आणि त्याच्या रीडमीचा जास्त आहे.

पहिला हंगाम मी या रीडमीची तारीफच करत फिरलो. यावल तालुक्यातल्या आमच्या बागेत बोर्ड बसवला, सांगितल्याप्रमाणे वायरी लावल्या, पहिल्याच संध्याकाळी आकडे आले. दर टप्प्याला ‘आता स्क्रीनवर काय दिसायला हवं’ ते लिहिलेलं होतं. सेन्सर हवेत धरा, आकडा मोठा येईल. पाण्यात बुडवा, लहान होईल. उलटं झालं तर थांबा. माझ्याकडे हवेत 2600 च्या आसपास आणि पाण्यात 1100 च्या आसपास येत होतं. तुमचे आकडे वेगळे येतील आणि ते कॅलिब्रेशनमध्ये भरावे लागतील, हेही तिथेच होतं. काळ्या मातीबद्दलची एक ओळ तर सोन्यासारखी: उन्हाळ्यात जमीन भेगाळली की सेन्सर भेगेत हवा मोजतो आणि बाग ओली असताना ‘कोरडं’ दाखवतो, म्हणून पाणी दिल्यावर मुळाजवळची माती दाबून तो पुन्हा बसवा. एवढं लिहायला शेतात उभं राहावं लागतं. तेव्हा विचारलं असतं तर पाच तारे दिले असते.

मग एका वादळी रात्री वीज गेली आणि परत आली ती चार्जर आणि ESP32 दोघांना घेऊन. जळगावच्या दुकानात 30 पिनांचं बोर्ड मिळालं. जुनं 38 पिनांचं होतं, पण सामानाच्या यादीत फक्त ‘ESP32 डेव्ह बोर्ड, 1 नग’ एवढंच लिहिलंय. दुकानदार म्हणाला, ‘सेमच आहे भाऊ, फक्त छोटं.’ यादीच काही सांगत नसेल तर दुकानदाराला कुठल्या तोंडाने बोलणार.

त्याच आठवड्यात साक्रीकडच्या एका ज्युनियरने प्रोजेक्टसाठी हाच बोर्ड करायला घेतला. त्याच्याकडेही 30 पिनांचंच बोर्ड. म्हणून आम्ही दोघं एकत्र बसलो. त्याने रीडमी उघडली आणि अक्षरशः तसंच केलं. वायरिंगचा मजकूर असा होता:

```
अँटेना वर धरा, डावी बाजू वरून मोजा
सेन्सर VCC  -> पहिली पिन
सेन्सर AOUT -> आठवी पिन
सेन्सर GND  -> चौदावी पिन
```

लाल दिवा लागला. पण कोड चढेना, `Failed to connect to ESP32` येऊन थांबायचं. सीरियल मॉनिटरवर एक अक्षर नाही. ‘दादा, पिना मोजी मोजी लायात, तरी काहीच ई नही राह्यनं,’ तो रडकुंडीला आलेला. मला वाटलं बोर्डच मेलेलं विकलंय.

मग दोन्ही बोर्डं शेजारी ठेवून मोजलं. 38 पिनांच्या बोर्डावर डावीकडची पहिली पिन 3V3 आहे. 30 पिनांच्या बोर्डावर तिथे EN आहे. त्याची 3V3 समोरच्या रांगेत, अगदी खाली यूएसबीजवळ. EN ही चिप चालू ठेवणारी पिन. ती बोर्डावरच एका मोठ्या रेझिस्टरमधून 3.3 व्होल्टला बांधलेली असते. तिच्यातून सेन्सरला काही मिलिअँपियर ओढायला लावले की व्होल्टेज कोसळतं आणि चिप कायम रीसेटमध्ये पडून राहते. दिवा मात्र जळतो, कारण त्याचा EN शी संबंध नाही. ओळखायची खूण सोपी आहे: ती एक वायर काढली की बोर्ड लगेच बोलायला लागतं.

VCC खऱ्या 3V3 ला नेली. पण पुढे याहून वाईट होतं. 38 वाल्यावर आठवी पिन म्हणजे GPIO33, आणि कोडमध्येही 33 च आहे. 30 वाल्यावर तिथपर्यंतची रांग एकाने वर सरकते, त्यामुळे आठवी येते D25. कोड 33 वाचतोय, वायर 25 वर. आकडा येतो, पण तो लोंबकळत्या पिनेचा. पिनेला बोट लावलं तरी नाचतो, सेन्सर पाण्यात घातला तरी त्याला काही वाटत नाही. ज्युनियरने यावर कुणीही करेल तेच केलं, कोडमध्ये 33 चं 25 केलं. चाचणीचं स्केच चालवलं, ग्लासात सेन्सर बुडवला, आकडा छान खाली आला. रीडमीतल्या ‘काय दिसायला हवं’शी तंतोतंत जुळला. जमलं म्हणून आम्ही चहाला गेलो.

मुख्य स्केच चढवल्यावर वाय-फाय जोडलं गेलं आणि ओलीचा आकडा निरर्थक झाला, कोरडं-ओलं काहीही करा. ESP32 मध्ये अ‍ॅनलॉग मोजणारे दोन भाग आहेत. GPIO32 ते 39 पहिल्यावर, म्हणजे ADC1 वर. 25, 26, 27 वगैरे ADC2 वर. वाय-फाय चालू झालं की त्याचा ड्रायव्हर ADC2 वापरतो आणि `analogRead` ला तिथून भरवशाचं उत्तर मिळत नाही. चाचणीच्या स्केचमध्ये वाय-फाय नव्हतंच, म्हणून ती पास. हे कळेपर्यंत पोराने सेन्सर खराब समजून दुसरा विकत आणला होता. दुकानात परतीचा व्यवहार नाही. रीडमीत ‘33 च का’ हे चार शब्दांत असतं तर ते पैसे वाचले असते, माझा खरा राग तिथे आहे.

GND तेवढी दोन्ही बोर्डांवर चौदावीच निघाली. हा योगायोग आणखी घातक, कारण एक वायर बरोबर जुळली की माणूस बाकीच्याही बरोबर समजतो.

दोन दिवस चिडून सीनियरला मेसेज टाकला. उत्तर त्याच रात्री आलं, ‘माझ्याकडे एकच बोर्ड होतं रे, त्यावरच मोजलं.’ आणि बदल पाठव म्हणाला. तेव्हा राग निम्मा उतरला. आम्ही पाठवलेली आणि त्याने स्वीकारलेली दुरुस्ती एवढीच:

```
सेन्सर  बोर्डावर छापलेलं  का
VCC     3V3               EN किंवा VIN नको
GND     GND               कुठलीही GND चालेल
AOUT    33 किंवा D33      ADC1; वाय-फायसोबत चालते
```

यादीत आता ‘30 किंवा 38 पिनी, दोन्ही चालतात, पण पिना मोजू नका, छापलेलं नाव वाचा’ असं आहे. चाचणीच्या स्केचमध्येही वाय-फाय आधी जोडून घेतलंय, म्हणजे कुणी 25 वर वायर लावून कोडही तसा बदलला तर ती चूक ग्लासापाशीच पकडली जाईल, बागेत नाही.

नवी रीडमी घेऊन ज्युनियरच्या खोलीतल्या पार्टनरने मला न विचारता बोर्ड उभं केलं. तो कॉमर्सचा आहे.

आज चार तारे. एक कापलाय तो फोटोसाठी: वायरिंगचा फोटो अजून जुन्या 38 पिनी बोर्डाचाच आहे, खाली बोर्डाचं नाव नाही, आणि बऱ्याच वायरी काळ्या. मजकूर न वाचता फोटो बघून जोडणारे खूप असतात. सीनियर म्हणतो दिवाळीच्या सुट्टीत नवा काढतो. तोवर तारा परत देणार नाही.