गिअरबॉक्सचं मराठी डिझाइन-टिपण : काही महिने वापरल्यावर

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये उन्हाळ्यापासून गिअरबॉक्सचं डिझाइन-टिपण मराठीत चालतं. जुनं इंग्रजी टिपण डिझाइनवाल्यांच्या टेबलावरून कधी उठलंच नाही. हे मशीनपाशी गेलं, तेलकट झालं, आणि त्यातला कुठला शब्द टिकतो नि कुठला दगा देतो ते तिथेच कळलं.

टिपणातलं मुख्य उदाहरण साध्या सरळ दात्यांच्या जोडीचं आहे: पिनियन १८ दाती, मोठा गिअर ५४ दाती, मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप ४. पहिल्या खर्ड्यात मॉड्यूलला 'मापांक' केलं होतं. ऐकायला बरं, पण पुढच्याच पानावर शाफ्टच्या वाकण्याच्या हिशोबात 'छेद मापांक' आणि 'यंगचा मापांक' येऊन बसले. आता 'मापांक ४' म्हणजे नेमकं काय? शिवाय कटरवर मॉड्यूलच कोरलेलं असतं. सुधारित प्रतीत 'मॉड्यूल' परत आला आणि सोबत एक कामाची ओळ आली: पिनियनचा बाहेरचा व्यास मोजा, दात्यांच्या संख्येत दोन मिळवून त्याने भागा. ८० भागिले २०, म्हणजे ४. जुना, तुटका गिअर हातात आला की हीच ओळ आधी उघडली जाते. फक्त दाते 'करेक्शन' देऊन, म्हणजे कटर मुद्दाम आत-बाहेर सरकवून कापलेले नसावेत, नाहीतर भागाकार नीट येत नाही.

पिच सर्कलचं काम या टिपणात सगळ्यात चांगलं जमलंय. हे वर्तुळ लोखंडावर दिसत नाही, त्यामुळे व्हर्नियर कुठे लावायचा हा प्रश्न नव्या पोराला पडतोच. टिपणाने दोन नावं ठेवली आहेत. मॉड्यूल गुणिले दाते यातून येतं ते 'संदर्भ वर्तुळ': इथे व्यास ७२ आणि २१६ मिमी, म्हणून शाफ्टमधलं अंतर त्यांच्या बेरजेच्या निम्मं, १४४. आणि जोडी बसवल्यावर दोन्ही गिअर प्रत्यक्षात ज्या वर्तुळांवर एकमेकांवर लोळतात ते 'पिच वर्तुळ'. बोअरिंगमध्ये अंतर १४४.२ झालं तर संदर्भ वर्तुळं जागची हलत नाहीत, पिच वर्तुळं मात्र ७२.१ आणि २१६.३ होतात. दाब कोनही २० अंशांवरून साधारण २०.२ वर जातो. कटरवरचा कोन आणि चालू जोडीतला कोन, दोन्हींना टिपण नुसतं 'दाब कोन' म्हणतं. इथेही दोन नावं हवी होती. 'दाब' वाचून काही जण तेलाचा दाब समजतात, पण व्याख्या वाचली की तो घोळ मिटतो: दाता दात्याला ज्या रेषेत ढकलतो ती रेषा आणि दोन्ही पिच वर्तुळं जिथे टेकतात त्या पिच बिंदूवरची स्पर्शरेषा यांच्यामधला कोन.

खरी अडचण बॅकलॅशची, म्हणजे एकमेकांत बसलेल्या दात्यांच्या बगलांमधल्या फटीची. टिपणात त्याला 'मोकळीक' म्हटलंय आणि या जोडीसाठी ०.१६ ते ०.२० मिमी दिलीय. पण दात्याचं टोक आणि समोरच्या खाचेचा तळ यांच्यातली जागासुद्धा 'मोकळीक'च. ती मॉड्यूलच्या पाव पट, म्हणजे इथे १ मिमी. एका जोडणीत फिटरने फीलर गेज तळाशी घातलं आणि म्हणाला, "भाऊ, मोकळीक तं एक एमएम हाय, कागदावर काहून इतकी कमी लिवली?" तो शाफ्ट जवळ आणायला निघाला होता. तसं झालं असतं तर बाजूची फट संपून दाते दोन्ही बगलांनी घासले असते, आणि मे महिन्यात आमच्या शेडमध्ये तेल तसंही गरमच असतं.

आता आम्ही पेनाने 'बगलेची मोकळीक' आणि 'तळाची मोकळीक' असं लिहून ठेवलंय. बोलताना सगळे 'बॅकलॅश' किंवा 'प्ले'च म्हणतात, त्याला हरकत नाही. पण 'प्ले' बेअरिंगचाही असतो, म्हणून कागदावर तो नको.

मोजायचं कसं, हे टिपणात नीट दिलंय: एक गिअर घट्ट धरायचा, डायल गेजचं टोक दुसऱ्याच्या बगलेवर पिच वर्तुळापाशी टेकवायचं आणि तो मागेपुढे हलवायचा. शाफ्टवर दांडी बांधून लांबून मोजलं तर काटा जास्त दाखवतो. त्या आकड्याला पिच त्रिज्येने गुणून दांडीच्या लांबीने भागावं लागतं. ही सूचना तळटिपेत लपलीय, ती वर हवी.

अंतर आणि बगलेची मोकळीक यांचं नातं सांगणारं सूत्र मात्र रोज लागतं: अंतरातली वाढ गुणिले दोन, गुणिले दाब कोनाचा टॅन. वरच्या ०.२ मिमीला ते साधारण ०.१५ येतं, म्हणजे ०.१६ ते ०.२० ची मोकळीक ०.३१ ते ०.३५ वर जाते. एकाच दिशेने, सारख्या भाराने चालणाऱ्या कन्व्हेयरला हे बहुधा खपून जातं. उलटसुलट फिरणाऱ्या ड्राइव्हमध्ये दिशा बदलताना ठक्क आवाज येतो, आणि तो आला की आम्ही आधी बोअरिंगचं अंतर तपासतो, दाते नंतर.