रिव्हर्स कॅमेऱ्याची लाल रेघ: आठ महिन्यांनंतर

माझी 2011 ची वॅगनआर. गाडीत स्क्रीन नाही, म्हणून आरशावर बसणारा 4.3 इंची मॉनिटर आणि नंबर प्लेटच्या वर बसणारा कॅमेरा घेतला. किट 1,850 आणि फिटिंगचे 600 रुपये. पहिले दोन महिने मी प्रत्येकाला हे घ्यायला सांगत होतो. चित्र स्वच्छ दिसतं, रात्रीही सोसायटीच्या दिव्यात पुरेसं दिसतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मागचं अंतर दाखवणाऱ्या रेघांबद्दल, त्यातली लाल सगळ्यात जवळची.

या रेघा कॅमेराच चित्रावर काढतो. त्याला ना गाडीची रुंदी माहीत, ना आपण तो किती उंचीवर आणि किती कलवून बसवलाय ते. स्टिअरिंग वळवलं तरी त्या सरळच राहतात. फिटिंगवाल्याने कॅमेरा जरा वर बघणारा बसवला होता. मी कॅमेऱ्याच्या खालून टेप लावून जमिनीवर खडूने खुणा केल्या, तर लाल रेघ चक्क 130 सेंटिमीटरवर! मग मी मनाशी हिशेब बांधला, की लाल म्हणजे अजून मीटरभर जागा आहे.

तोच हिशेब अंगाशी आला. मागे टेम्पो उभा होता, त्याचा बंपर बरोबर लाल रेघेवर दिसत होता. मी आणखी मागे घेतली आणि धडकलो. डिकीला पोचा आला, 2,200 रुपये गेले. दोन दिवस कॅमेऱ्यावरच चिडलो होतो, पण कागदावर आकृती काढल्यावर कारण कळलं. रेघा फक्त जमिनीचं अंतर सांगतात. माझा कॅमेरा जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर, टेम्पोचा बंपर 60 वर. दोन्हींत फरक 30 चा आणि 90 त्याच्या तिप्पट, म्हणून अशी अधांतरी वस्तू चित्रात तिच्या खऱ्या अंतराच्या तिप्पट लांब दिसते. म्हणजे 130 वर दिसणारा बंपर खरा 43 वर होता, आणि त्यातले 15 तर डिकीपुढे आलेल्या माझ्याच बंपरने खाल्ले होते.

आता जुन्या चपलेच्या रबराची पाचर लावून कॅमेरा खाली कलवलाय. पुन्हा खडूने बघितलं, लाल रेघ 50 वर येते. भिंत आणि खांबासाठी ती आता खरी ठरते, कारण त्यांचा पाया जमिनीवर दिसतो. टेम्पो, उघडा फाळका, ट्रकची मागची बॉडी असेल तर मात्र मी रेघ बघतच नाही, उतरून बघतो.

एक भर घालतो. मागच्या महिन्यात डिकी आपटली की चित्र जायचं. दुकानदार नवा कॅमेरा घ्या म्हणाला. वायर डिकीच्या रबरी नळीतून न नेता बिजागरीजवळून ताणून नेली होती, तिथेच ती तुटली होती. नळीतून थोडी ढील ठेवून नवी ओढली, 180 रुपयांत काम झालं. फिटिंग करून घेताना तिथे उभे राहा आणि वायर नळीतूनच न्यायला लावा.